करार झाल्यावर दलाली मागितली, तर द्यायची का आणि किती?

प्रश्न: "दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन सोलापूरला आलो. जुळे सोलापुरात टू बीएचके घेतलं, भाडं साडेनऊ हजार, डिपॉझिट तीस हजार. ज्याने घर दाखवलं त्याने दलालीचा विषयच काढला नाही, मला वाटलं तो मालकाचा माणूस आहे. सह्या होऊन सामान लागल्यावर आता फोन करून तेरा हजार मागतोय. एक महिन्याचं भाडं आणि वर साडेतीन हजार अ‍ॅग्रीमेंटचे. मालकाकडूनही घेतलेत म्हणे. नाही दिले तर घर खाली करायला लावतो असं म्हणतो. कायद्याने द्यावे लागतात का? इथली रीत काय आहे?"

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः दलाल आहे. वीस वर्षं सोलापुरात भाड्याची घरं दाखवतोय आणि आता भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणीही करून देतो. म्हणजे तुमच्याकडे पैसे मागणारा माझ्याच जातकुळीतला. तरीही त्याची बाजू घेऊन लिहीत नाही, आणि तुमचीही आंधळेपणाने घेणार नाही.

तुम्हाला राग आलाय तो सह्या झाल्यावर पैसे मागितले म्हणून. पण नंतर मागणं ही या धंद्यात चूक नाही, तीच रीत आहे. घर जमलं, करार झाला, किल्ली हातात पडली की दलाली. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २१९ मध्येही साधारण हेच आहे: वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटाचा मोबदला काम पुरं झाल्यावर देणं लागतो. त्याची चूक आहे ती आकडा आधी न सांगण्याची. दोन्ही गोष्टी वेगळ्या धरल्या की पुढचं सगळं सोपं होतं. काही तरी देणं लागतं हे बहुतेक ठरलेलं आहे. किती, हे ठरलेलं नाही, आणि ते एकट्याने ठरवायचा हक्क त्याला नाही.

"लिहून दिलेलं नाही, म्हणजे एक पैसा देणं लागत नाही" असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. ऑफिसातले मित्र हमखास सांगतात. ते खरं नाही. तोंडी करारही करारच असतो. आणि तोंडीसुद्धा काही ठरलं नसेल, तर त्याच कायद्याचं कलम ७० आहे. एखाद्याने फुकट करायचा हेतू नसताना तुमच्यासाठी कायदेशीरपणे काम केलं आणि त्याचा फायदा तुम्ही घेतला, तर त्याची भरपाई करावी लागते. एखादा माणूस दुपारच्या उन्हात गाडीवर बसवून तुम्हाला तीन घरं दाखवतो, मालकाशी भेट घालून देतो, डिपॉझिट चाळीसचं तीसवर आणतो. तो हे समाजसेवा म्हणून करत नाही, हे तुम्हालाही कळत होतं. "मला वाटलं तो मालकाचा माणूस आहे" यात थोडा दम आहे, पण थोडाच. त्या दम असलेल्या भागाकडे नंतर येतो.

दुसरं तितकंच खरं. कलम ७० मधून वाजवी मोबदला निघतो, त्याच्या मनातला आकडा निघत नाही. सरकारने ठरवून दिलेला दरही नाही. रेराचं नाव घेऊन कोणी घाबरवलं तर लक्षात ठेवा, तो २०१६ चा कायदा एजंटांना नोंदणी करायला लावतो ती घरं-प्लॉट विक्रीच्या व्यवहारांसाठी. अकरा महिन्यांच्या भाड्याची दलाली त्यात बसत नाही. म्हणजे त्याला "माझा रेरा नंबर आहे, माझा रेट ठरलेला आहे" असं म्हणता येणार नाही आणि तुम्हालाही रेराकडे तक्रार करून दर कमी करून मिळणार नाही. मधे राहते ती गावची रीत आणि तुमच्या दोघांचं बोलणं.

आता रीत. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या कराराला एक महिन्याचं भाडं दलाली, आणि बऱ्याचदा मालकाकडून वेगळी, हे इतकं पक्कं बसलंय की कोणी विचारतही नाही. सोलापुरात तसं एकच माप नाही. माझ्या पाहण्यातलं सांगतो. गावठाणात, पेठांमध्ये, वाड्यातल्या दोन खोल्या किंवा रेल्वे लाइन्सकडचं जुनं घर असेल तर पंधरा दिवसांचं भाडं ही जुनी रीत. कधी तेही नाही, मालकाने दिलं तेवढंच, आणि भाडेकरूकडून चहापाणी. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूला अपार्टमेंटं वाढली, बदलीवर येणारी बँकेची, विमा कंपन्यांची, एनटीपीसीची माणसं वाढली, तशी पुण्याची पद्धत इकडे सरकली. तिथे आता एक महिना मागतात. मागतात हे खरं, पण मिळतो तो पंधरा दिवस ते एक महिना यांच्या मधे कुठेतरी, आणि बोलणाऱ्याला कमी पडतो. दुकान-गाळ्यांचं गणित निराळंच आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

दोन्हीकडून घेणं हीसुद्धा इथली रीतच आहे, लबाडी नाही. त्यामुळे "मालकाकडून घेतलंस ना, मग मी का देऊ" हा मुद्दा घेऊन भांडायला जाऊ नका, तो तिथेच गुंडाळला जातो. पण मालकाने किती दिलं हे मालकाला जरूर विचारा. सहज विचारा, चहाच्या वेळी. मालकाने पंधरा दिवसांचे दिले असतील आणि तुमच्याकडे पूर्ण महिना मागत असेल, तर बोलताना तुमच्या हातात दुसऱ्या बाजूचा खरा आकडा असतो. त्याच्याशी तुलना करून मागणं कोणालाही वावगं वाटत नाही.

दलाली कशाची असते, यावरही दोन शब्द, कारण किती द्यायचं ते त्यावर ठरतं. ती दोघांना एकत्र आणल्याची असते. कागद लिहिल्याची नसते, सही घेताना शेजारी उभं राहिल्याची नसते. खिडकीत "भाड्याने देणे आहे" ही पाटी तुम्ही स्वतः पाहिली असती, मालकाला तुम्ही फोन केला असता, आणि हा फक्त कराराच्या दिवशी उगवला असता, तर त्याला कागदाचे पैसे द्या, दलाली एक रुपयाही नाही. तुमच्या बाबतीत घर त्यानेच दाखवलंय, म्हणजे हा दरवाजा बंद आहे. एक मात्र तपासा: मालकापर्यंत पोचवणारा हाच एकटा होता का? आमच्यात अनेकदा साखळी असते. भाडेकरू एकाकडे येतो, घर दुसऱ्याकडे असतं, दोघे मिळून जमवतात आणि दलाली आपापसांत वाटून घेतात. तुम्ही एकाला दिले आणि महिन्याने दुसरा "माझं राहिलं" म्हणत आला, असं होतं. मागच्या पावसाळ्यात आसरा चौकाजवळच्या एका जोडप्याला हेच झालं, दोघांनाही पूर्ण देऊन बसले. तेव्हा पैसे देण्याआधी विचारून घ्या, "यात अजून कोणी आहे का? असेल तर तुम्ही बघून घ्या, मी एकदाच देणार." आणि हेच वाक्य लिखित ठेवा.

आता तेरा हजारांचे दोन तुकडे करू. आधी कागदाचे साडेतीन हजार, कारण तिथे आकडे छापलेले असतात आणि वाद घालावाच लागत नाही.

तुमच्या करारावर मुद्रांक शुल्क असं निघतं. अकरा महिन्यांचं एकूण भाडं १,०४,५०० रुपये. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज मिळवायचं, म्हणजे तीस हजारांवर अकरा महिन्यांचं २,७५०. बेरीज १,०७,२५०. त्याचा पाव टक्का, म्हणजे २७० रुपयांच्या आत. वर गोळाबेरीज होऊन तीनशेच्या आसपास धरा. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. कागद हाताळणीचं शुल्क थोडं आणखी. म्हणजे सरकारदरबारी जाणारे पैसे साधारण दीड हजाराच्या आसपास. बाकी राहते ती मशीन घेऊन घरी येऊन अंगठे-फोटो घेणाऱ्या माणसाची मजुरी. मी सातशे-आठशे घेतो, लांब जावं लागलं तर हजार. सगळं मिळून सव्वादोन ते अडीच हजार. आणि सोलापुरात, आधी काही वेगळं ठरलं नसेल तर, हा खर्च मालक आणि भाडेकरू अर्धा-अर्धा करतात.

तुम्हाला हे माझ्या शब्दावर घ्यायची गरज नाही. नोंदणी झालेला करार असेल तर तुमच्याकडे पीडीएफ आलेला असणार. त्यात भरलेल्या शुल्काचा तपशील असतो: चलनाचा क्रमांक, मुद्रांक शुल्क किती, नोंदणी फी किती. तो कागद उघडा आणि बेरीज करा. आकडा दीड हजाराच्या आसपास असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारायचा, "सरकारचे इतके गेले, घरी आलेल्या पोराची मजुरी किती? मालकाने यातले किती दिले?" मालकाने अर्धे आधीच दिले असतील आणि तो तुमच्याकडे पूर्ण मागत असेल, तर तुमच्या वाट्याला अकराशे-बाराशे येतात, साडेतीन हजार नाही.

तसा पीडीएफ आलेलाच नसेल तर थांबा. तुमच्या सह्या नेमक्या कशावर झाल्या? अंगठा मशीनवर ठेवला होता का, कॅमेऱ्यात फोटो काढला होता का, दोन साक्षीदारांचेही काढले होते का? की पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून आणलेल्या कागदावर सह्या केल्यात आणि मागे नोटरीचा शिक्का आहे? दुसरं असेल तर तो नोंदणी झालेला करार नाही, आणि त्याचे साडेतीन हजार मागणं म्हणजे उघडं लुबाडणं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करारातल्या अटींबद्दल वाद झाला तर, उलट पुरावा येईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे मालकाच्या कानावर घालाच. घाबरवायला नव्हे, तर नोंदणी त्याच्याही फायद्याची आहे म्हणून. गेल्या वर्षी माझ्याकडे एक जण असाच नोटरीचा कागद घेऊन आला होता, चार हजार मोजून. आत घराचा पत्तासुद्धा चुकीचा होता, मागच्या भाडेकरूच्या करारातून तसाच उतरवलेला.

करार हातात आहेच तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. शेवटच्या पानांवर कुठे दलालीचं कलम घुसडलंय का? "दोन्ही पक्ष प्रत्येकी एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून देतील" किंवा "नूतनीकरणावेळी पुन्हा दलाली देय राहील" अशी ओळ कधी कधी असते आणि सही करताना कोणी वाचत नाही. ती असेल तर तुमचं "आधी बोलला नव्हता" हे म्हणणं लंगडं पडतं, कारण सही तुमची आहे. नसेल, आणि त्याचं नाव फक्त साक्षीदार म्हणून असेल, तर तो व्यवहारात होता एवढंच त्यातून कळतं. किती देणं लागतं ते कळत नाही.

आता मुख्य रक्कम, साडेनऊ हजार.

मी नवीन असताना एका कॉलेजच्या सरांना तीन रविवार फिरवलं होतं. सैफुल, विजापूर रोड, शेवटी दमाणी नगर. माझ्या जुन्या स्कूटरवर, ते मागे बसून. पैशांचा विषय काढायची मला लाज वाटायची. घर आवडलं, करार झाला, आणि मग मी म्हणालो, "सर, एक महिन्याचं भाडं." ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "तुम्ही मालकांचे ना?" दोन दिवस बोलणं चाललं. शेवटी त्यांनी कट्ट्यावर बसून शंभराच्या नोटा मोजल्या, वीस. भाडं होतं साडेपाच हजार. मी रागाने गेलो, पण नंतर लक्षात आलं की चूक माझी होती. पहिल्या फोनवर आकडा सांगितला असता तर ते एकतर हो म्हणाले असते नाहीतर दुसऱ्याकडे गेले असते. मी गप्प राहून त्यांचा तो पर्याय काढून घेतला होता. तेव्हापासून मी घर दाखवायच्या आधीच बोलतो.

"मला वाटलं तो मालकाचा माणूस आहे" यात जो दम आहे तो हाच. आधी आकडा कळला असता तर तुम्ही घासाघीस केली असती किंवा स्वतः पाट्या पाहत फिरला असता. ती संधी गेली, आणि ती त्याच्या गप्प बसण्याने गेली. म्हणून रीत पंधरा दिवस ते एक महिना अशी असेल, तर न सांगणाऱ्याला खालच्या टोकाशी मोजायचं. माझ्या मते हाच न्याय आहे, आणि मी दलाल असून म्हणतोय. पूर्ण महिना तो मागू शकतो जो पहिल्या दिवशी बोलला.

त्यात भर-घट होते ती त्याने केलेल्या कामावरून. मालकाशी बोलून डिपॉझिट कमी करून दिलं का? रंग, गिझर, नळाची तोटी बसवून घेतली का? की नुसती किल्ली आणून दार उघडलं? आणि सोलापूरकराला विचारायलाच हवा असा प्रश्न: पाण्याबद्दल काय सांगितलं होतं? आपल्याकडे महापालिकेचं पाणी तीन-चार दिवसांआड येणं काही नवं नाही, त्यामुळे घर भाड्याने घेताना बोअर आहे का, हौद केवढा, टाकी स्वतंत्र की सगळ्या मजल्यांची एक, हे घराच्या चौरस फुटांपेक्षा जास्त महत्त्वाचं असतं. त्याने "पाण्याचं टेन्शनच नाही" म्हटलं असेल आणि तुम्ही आता टँकरचे पैसे देत असाल, तर ते बोलताना काढा. खोटं सांगून जमवलेल्या व्यवहारात पूर्ण दलाली मागायला तोंड राहत नाही. कायद्यातही, आपल्या कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटाला त्या भागाचा मोबदला मिळत नाही. मात्र पाणी त्याने सांगितल्याप्रमाणे येत असेल तर उगाच काढू नका. खोटा मुद्दा तो लगेच ओळखतो आणि मग तुमचे खरे मुद्देही हलके होतात.

तर माझा हिशेब असा. दलाली पंधरा दिवसांची, म्हणजे ४,७५०. कागदाचा तुमचा अर्धा वाटा, अकराशे-बाराशे. एकूण सहा हजारांच्या जवळ. बोलणी इथून सुरू करा. त्याने खरंच डिपॉझिट पाडून दिलं असेल, फेऱ्या मारल्या असतील, तर दलाली सहापर्यंत न्या आणि सगळं मिळून सात-साडेसातला मिटवा. त्याच्या वर जायचं काही कारण मला तुमच्या सांगण्यात दिसत नाही. तो मोठ्या ऑफिसचा असेल आणि त्यावर जीएसटी लावतो म्हणाला, तर जीएसटी क्रमांक छापलेलं बिल मागा. नोंदणी नसलेल्या माणसाला तो कर घेताच येत नाही.

बोलणी फोनवर करू नका. फोनवर दोघांचाही आवाज चढतो. त्याच्या टपरीवर किंवा ऑफिसात जा, शक्यतो संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला, दुपारी तो घरं दाखवत फिरत असतो. मालकाला बरोबर न्यायची गरज नाही, पण मालकाने किती दिलं ते कळलेलं असावं. सुरुवात पैसे देण्याच्या बाजूने करा. सोलापुरात "मालक" म्हणून हाक मारली की निम्मं काम होतं. काहीसं असं:

"मालक, घर तुम्हीच दाखवलंत. तुमचे पैसे मी बुडवणार नाही. पण पहिल्या दिवशी तुम्ही आकडा बोलला नाहीत, आणि मी विचारलं नाही, ती माझीही चूक. आधी कळलं असतं तर मी पंधरा दिवसांवर बोललो असतो. करार मी बघितला, सरकारचे इतके गेलेत. त्यातला माझा अर्धा आणि पंधरा दिवसांची दलाली, असं आज मिटवू. पैसे आत्ता देतो."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. भाड्याच्या दलालीत उधारी फार बुडते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. "एक महिना, पण पुढच्या पगाराला" यापेक्षा "पंधरा दिवस, आत्ता" हे कुठलाही जुना दलाल घेतो. तो म्हणेल "इतके तर कोणीच देत नाही", म्हणेल "पुण्याला जाऊन बघा". म्हणू द्या. तुम्ही एकदा पाचशे वाढवा, दुसऱ्यांदा वाढवू नका. उठून निघाल्यावर तो पायऱ्यांपर्यंत आला तर समजा आकडा जमला.

पैसे यूपीआयने द्या, रोख नको. लगेच त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा मजकूर पाठवा:

"आज ____ रुपये यूपीआयने दिले. यात फ्लॅट क्र. ____ च्या भाडेकराराची दलाली आणि कराराचा माझ्या वाट्याचा खर्च पूर्ण झाला. या व्यवहारात आणखी कोणी एजंट असल्यास त्याचं तुम्ही बघणार आहात. नूतनीकरणाची दलाली नाही. कृपया ठीक आहे असं कळवावं."

नूतनीकरणाची ओळ मुद्दाम घातली आहे. अकरा महिन्यांनी हा पुन्हा येईल आणि अर्ध्या महिन्याचं मागेल. मालक आणि तुम्ही एकमेकांना ओळखता, भेट घालून द्यायला काही उरलेलं नाही, मग दलाली कशाची? नव्याने करार नोंदवून दिला तर त्याच्या मजुरीचे पैसे, तेवढेच. त्याने "ओके" असं दोन अक्षरी उत्तर दिलं तरी पुरे. तो मेसेज पुसू नका, मोबाइल बदलला तरी.

आता घर खाली करायला लावायची धमकी. दलाल हा तुमच्या कराराचा पक्षकार नाही. करार तुमच्यात आणि मालकात आहे, आणि मुदतीआधी घर सोडायला लावायचं झालं तर मालकालाही करारातल्या नोटिसीच्या अटीनेच जावं लागतं, बहुतेक करारांत ती एक महिन्याची असते. तुम्ही भाडं वेळेवर देत असाल तर दलालाची दलाली थकली या कारणावर तुम्हाला बाहेर काढता येत नाही. मालकाला हेही आजच सांगून ठेवा की तुम्ही पैसे द्यायला तयार आहात, फक्त रक्कम वाजवी हवी, म्हणजे दलालाने जाऊन "तुमचा भाडेकरू पैसे बुडवतोय" असं सांगितलं तर त्याचं ऐकून घ्यायच्या आधी मालकाने तुमचं ऐकलेलं असेल. डिपॉझिटचे तीस हजार तुम्ही मालकाच्या खात्यात दिलेत की दलालाच्या हातात, हे मात्र बघा. दलालाच्या हातात दिले असतील तर ते मालकापर्यंत पूर्ण पोचले का, याची लेखी खात्री आधी करा आणि मगच दलालीचा विषय काढा. नाहीतर तो दलाली तिथूनच कापून घेतो आणि घर सोडताना मालक म्हणतो, "माझ्याकडे वीसच आले होते."

तो रात्री-अपरात्री दारात येऊन दमदाटी करू लागला तर पुढचं बोलणं बंद, तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा, फोनवरच्या धमक्यांचे मेसेज दाखवा. वीस वर्षांत इतक्या टोकाला गेलेले व्यवहार मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले. आणि तो कोर्टात जाईल का? जाऊ शकतो, तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो, पण नऊ हजारांसाठी वकिलाची फी भरून कोणी जात नाही. उलट तुम्हीही जबरदस्तीने दिलेल्या पैशांसाठी ग्राहक आयोगात जाऊ शकता, पण त्यातही तारखाच जास्त. म्हणून मी टपरीवरच्या चहावर भर देतोय.

एक अडचण राहते ती मालकाची. काही मालक परगावी असतात, मुलाकडे पुण्याला किंवा हैदराबादला, आणि त्यांचं घर तो दलालच बघतो: भाडं घेणं, नळ दुरुस्त करणं, सगळं. तुमचा मालक तसा असेल तर अकरा महिन्यांनी करार वाढवायचा की नाही हे प्रत्यक्षात दलालच ठरवतो, आणि माझा सहा हजारांचा आकडा तुम्हाला महाग पडू शकतो. अशा वेळी हजार-पाचशे जास्त देऊन गोडीत राहणं मी समजू शकतो. त्यात हरल्यासारखं काही नाही. फक्त तेव्हाही त्या मेसेजमधली नूतनीकरणाची ओळ सोडू नका, आणि भाडं त्याच्या हातात न देता थेट मालकाच्या खात्यात पाठवत जा.